बंद घराची तपासणी

आमच्या सोसायटीची कार्यकारिणी म्हणजे पाच माणसं आणि एक कूलर. काम फक्त कूलर करायचा. पाच जण त्याच्यासमोर बसून थंड व्हायचे आणि त्यालाच सभा म्हणायचे. जिन्याखालच्या खोलीत, पाण्याच्या पंपाशेजारी, हे राज्य चालत असे. दिल्लीत सरकारं आली आणि गेली, पण या खोलीतल्या खुर्च्या कोणाच्या बापाच्यानं हलल्या नाहीत.

अध्यक्ष आमच्या डोक्यावर राहत. हे मी शब्दशः सांगतो आहे. त्यांची न्हाणी बरोबर आमच्या न्हाणीच्या वर. निवृत्त अधिकारी माणूस. नोकरीत कोणाला भिजवलं नसेल, ती कसर आता माझ्यावर काढत होते. ते पहाटे अंघोळीला बसले की आमच्या छतातून पाणी ठिबकायला लागे. त्यांचं स्तोत्र संपेपर्यंत आमची बादली अर्धी भरलेली असे. बायको न्हाणीत छत्री घेऊन जाई. छताचा पोपडा एवढा फुगला होता की पाहुण्यांची मुलं त्याच्यात हत्ती, उंट आणि आमचे आमदार शोधत बसत.

दरवर्षी पावसाळ्याच्या तोंडावर सोसायटीची तपासणी असे. एका रविवारी इंजिनिअर आणि कमिटी घरोघर फिरून गळती, भेगा, नळ पाहत. त्यात ज्याचं घर पाहिलं जाई, त्याचं काम पावसाआधी निघे. ज्याचं राहिलं, तो पुढच्या वर्षीपर्यंत भिजे. मागच्या खेपेला अध्यक्षांनी माझ्या छताकडे चष्मा काढून पाहिलं होतं आणि "वाफेचं आहे" म्हणून निकाल दिला होता. यंदा इंजिनिअर नवा होता, म्हणून मी आस लावून बसलो होतो. तेवढ्यात नोटीस लागली. तपासणीचा रविवार आणि नरखेडकडच्या माझ्या धाकट्या मेव्हणीच्या लग्नाचा रविवार एकच.

मी मोठा जावई. त्या गावात मोठा जावई लग्नाला नसला तरी अंतरपाट धरतात, पण सासरे पुढची दहा वर्षं संत्र्याची पेटी पाठवत नाहीत. जाणं भाग होतं. बायको-पोरं आधीच गेलेली. घराला कुलूप लागणार होतं.

मी रीतसर अर्ज केला की तपासणी एक रविवार पुढे न्यावी, आणि सभेला जाऊन उभा राहिलो. 'उभा' म्हणतो, कारण सहावी खुर्ची त्या खोलीत कधी आलीच नाही. सभासद बसला तर बरोबरीचा वाटेल ना.

सगळ्यात आधी खजिनदार बोलले. हे गृहस्थ एरवी सभेत झोपत. त्यांच्या मते एकासाठी तारीख हलवली तर उद्या कोणीही उठून दिवाळी हलवायला सांगेल. दुसऱ्या एका सदस्यानं इंजिनिअर फार मोठा माणूस असल्याचं आणि त्याचे रविवार वर्षभरासाठी भरलेले असल्याचं सांगितलं. हा इंजिनिअर रोज संध्याकाळी बर्डीवर पानाच्या ठेल्याला टेकून उभा असे, हे अख्ख्या नागपूरला माहीत होतं. अध्यक्षांनी मात्र मला प्रेमानं जवळ बोलावलं.

"तुम्ही किल्ली माझ्याकडे ठेवून जा. मी स्वतः उभा राहून छत दाखवतो."

मांजर म्हणत होतं, दुधाचं पातेलं माझ्याकडे ठेवून जा. मागच्या वर्षी एकानं अशीच किल्ली ठेवली होती. परत येऊन पाहतो तर ओल आलेल्या भिंतीवर पांढराशुभ्र चुना, आणि शेऱ्यात 'भिंत उत्तम'. मी म्हटलं, घरात बायकोचे दागिने आहेत, किल्ली देता येणार नाही. दागिने म्हणजे दोन पाटल्या, त्याही तिच्या हातात नरखेडला गेलेल्या. पण कमिटीशी खरं बोलणं म्हणजे देवळाबाहेर नव्या चपला ठेवणं.

"मग तुमचं घर राहील," अध्यक्ष म्हणाले. आवाजात दुःख होतं. असं दुःख मी फक्त जेवणाच्या पंगतीत बासुंदी संपल्याचं सांगणाऱ्या वाढप्याच्या आवाजात ऐकलं आहे.

इथं सेक्रेटरी मध्ये पडले. त्यांचं कापडाचं दुकान होतं, आणि मधेच बोलून स्वतःचं गिऱ्हाईक घालवण्याबद्दल ते बाजारात प्रसिद्ध होते.

"काहून राहील जी साहेब?" ते म्हणाले. "आपला ठराव हाय ना. तुमीच तं मांडला होता. घराले कुलूप असन तं त्याचं छत वरच्या घरातून पाहाचं. याईच्या वरतं तुमचंच घर हाय. इंजिनिअर तुमच्या न्हाणीत जाईन, फरशी ठोकून पाहीन, झालं काम."

खजिनदारांनी झोपल्याचं सोंग घेतलं, आणि अभ्यास असल्यामुळे ते उत्तम वठलं. हा ठराव अध्यक्षांनीच आणला होता, तपासणी टाळायला कुलूप लावून जाणाऱ्यांची जिरवण्यासाठी. त्यांच्या न्हाणीत गेल्याच दिवाळीत हिरव्या रंगाच्या फरश्या बसल्या होत्या. त्या बघायला ते लोकांना चहाला बोलवत, चहा न देता.

मी हात जोडले. "मग माझा अर्ज मी परत घेतो. तारीख मुळीच हलवू नका. साहेबांची न्हाणी पाहिली की मला भरून पावलं. मी निश्चिंतपणे लग्नाला जातो."

अध्यक्ष ज्या वेगानं विरघळले, त्या वेगानं मे महिन्यात बर्फाचा गोळासुद्धा विरघळत नाही. लग्नकार्य म्हणजे काय, असं ते म्हणाले. मेव्हणी म्हणजे पोटच्या पोरीसारखी. कमिटीला काळीज नाही का? मी अर्ज परत घेतो म्हणतोय आणि ते घेऊ देत नाहीत, अशी ओढाताण झाली. घराला कुलूप असताना तपासणी करणं त्यांना एकदम असभ्य वाटायला लागलं. इंजिनिअरचे भरलेले रविवार भराभर रिकामे झाले. 'सभासदाच्या कौटुंबिक अडचणीचा सहानुभूतीपूर्वक विचार करून' तारीख एकमतानं पुढे गेली. पाचही जणांच्या चेहऱ्यावर अनाथाश्रम काढल्याचं समाधान होतं. तत्त्वासाठी तारीख न हलवणारी हीच ती मंडळी. तत्त्व हिरव्या फरशीवरून घसरलं, एवढंच.

मी लग्न लावलं, जावयाचा मान घेतला, आणि ठरलेल्या रविवारी दार सताड उघडं ठेवून बसलो. कमिटी आली. इंजिनिअरनं तोंडातलं पान गालाआड सरकवलं आणि छताला लोखंडी सळई हळूच लावली. पोपडा जणू वाटच पाहत होता. हत्ती, उंट, आमदार सगळे एकदम खाली आले, आणि त्यातले निम्मे अध्यक्षांच्या खांद्यावर.

"वर पाहावं लागन," इंजिनिअर म्हणाला.

अध्यक्ष सदरा झटकत म्हणाले, "पण यांचं घर तर आज उघडं आहे. वरून पाहायचा नियम बंद घराला."

इंजिनिअरनं त्यांच्याकडे अशा नजरेनं पाहिलं की ती विकत मिळाली असती तर मी घरात टांगून ठेवली असती.

"पाणी वरून येऊन राह्यलं साहेब. त्याले नियम कोन सांगन?"

हिरव्या फरश्या निघाल्या. खालचा, पाणी जायच्या जाळीचा सांधा पार सुटलेला होता, आणि तो नव्यानं बसवून वाळेपर्यंत अध्यक्षांची न्हाणी बंद राहिली. तेवढे दिवस ते टॉवेल खांद्यावर टाकून आमच्याकडे अंघोळीला येत. स्तोत्र मात्र मनातल्या मनात म्हणत. बायको पाणी काढून देई आणि मी बाहेरून विचारी, "साहेब, छत्री देऊ का?"