उशिरा पेरलेला गहू

सगळे तिला पेरणीवाली म्हणत. तीस वर्षं बी पेरायच्या पाभरीमागे चालून तिचा डावा खांदा उतरला होता. नवरा गेल्यापासून शेतीचं सगळं दीर ठरवायचा. त्या खरिपात त्याने फार उशिरा पिकणारं भात लावलं, त्यामुळे शेत मोकळं व्हायला डिसेंबर संपला.

“भावजी, आता गहू नको. ऐन दाणा भरताना ऊन तापेल. फेब्रुवारीअखेर उन्हाळी मूग पेरू. दोन-सव्वादोन महिन्यांत हाती येईल आणि विहिरीचं पाणीही पुरेल.”

“वर्षभर काय मूगच गिळायचा, वहिनी? पेरा गुमान.”

घरातली धान्याची कोठी तळाला गेली होती. तिने गहू पेरला. एक ओळ वाकडी गेली नाही.

मार्चमध्ये ओंब्यांत दूध असतानाच गरम वारे सुटले. एप्रिलमध्ये तिने एक ओंबी तळहातावर चोळून फुंकर मारली. भुशाबरोबर निम्मे दाणेही उडाले.

“पेरणीचा हात गेला तुमचा,” दीर म्हणाला.

गव्हाने विहीर उपसून नेली होती, मुगाची वेळ टळली होती आणि पुढचं भात यायला सहा महिने होते. ती विळा घेऊन वाकली आणि ते खुरटं पीक मुळापासून कापू लागली.