चौसष्टावा पेपर

बाईंना गणित शिकवायची भीती कधीच वाटली नाही. भीती वाटायची ती 'का?' या प्रश्नाची. एकोणीस वर्षं त्या ज्युनिअर कॉलेजात दरवर्षी नव्या नेमणूकपत्रावर काम करत आल्या. वर्गात त्या इतक्या भरभर लिहायच्या की विचारायला कुणाला उसंतच मिळू नये. इंटिग्रेशनच्या गणितात ई रेज टू एक्सपुढच्या कंसात एखादं फंक्शन आणि त्याचंच डेरिव्हेटिव्ह यांची बेरीज दिसली, की त्या खडू आपटून म्हणायच्या, "जोडी सापडली, सुटलो! ई रेज टू एक्स गुणिले फंक्शन, अधिक सी. पुढचं!"

त्या दुपारी स्टाफरूममध्ये त्या सराव परीक्षेचे एकशे दहा पेपर तपासत होत्या. चौथा प्रश्न तीन मार्कांचा, त्यांनीच काढलेला. नेहमीच्याला जरा वळण द्यावं म्हणून त्यांनी एक्सच्या जागी दोन एक्स घातला होता: ई रेज टू दोन एक्स, कंसात एक भागिले एक्स, वजा एक भागिले एक्सचा वर्ग. दुसरं पद पहिल्याचं डेरिव्हेटिव्ह, म्हणजे जोडी जमली. त्यांच्या नमुना उत्तरपत्रिकेत उत्तर होतं, ई रेज टू दोन एक्स भागिले एक्स. त्रेसष्ट पेपरांत तेच होतं. तीन, तीन, तीन.

चौसष्टाव्यात एका मुलीने उत्तर लिहून खोडलं होतं. खाली बारीक अक्षरात होतं, 'उलटं करून बघितलं, पण मूळ गणित येत नाही. माझं कुठे चुकतंय?'

बाईंनी सवयीने शून्य दिलं. पान उलटलं आणि परत मागे उलटलं.

मग कोऱ्या कागदावर त्यांनी आपल्याच उत्तराचं डेरिव्हेटिव्ह काढलं. गुणाकाराचा नियम: आधी पहिल्याचं, मग दुसऱ्याचं. पहिल्याचं काढताना घातातला दोन खाली उतरला. कंसात आलं दोन भागिले एक्स, वजा एक भागिले एक्सचा वर्ग. प्रश्नात तो दोन नव्हताच.

साधा ई रेज टू एक्स डेरिव्हेटिव्ह घेतल्यावर जसाच्या तसा राहतो. म्हणून गुणाकाराच्या नियमातून एकदा फंक्शन उरतं, एकदा त्याचं डेरिव्हेटिव्ह, आणि दोन्हींच्या डोक्यावर तोच ई रेज टू एक्स. शॉर्टकट म्हणजे हीच वाट उलटी चालणं. एकोणीस वर्षं त्या ती वाट चालत आल्या होत्या, पायाखाली न बघता.

त्यांनी नवऱ्याला फोन लावला.

"कुणाला कळलंय?" त्याने विचारलं.

"अजून कुणाला नाही."

"मग त्या पोरीला तीन देऊन टाक आणि गप्प बस. शुक्रवारी पत्रावर सही व्हायचीय तुझ्या. आपल्याच पायावर धोंडा पाडून घेऊ नकोस."

बाईंनी शून्याचे तीन केले. मार्क सुधारता येतील, पण त्या मुलीने वर्गात हात वर केला तर? आणि नाहीच केला, आणि एकशे दहा पोरं बोर्डाच्या परीक्षेत हेच लिहून आली तर?

त्या पेपर घेऊन विभागप्रमुखांच्या खोलीत गेल्या. विभागप्रमुख मॅडमचा आवाज जिन्यापर्यंत ऐकू यायचा, आणि पत्रं त्यांच्याच टेबलावर असायची.

"काय हो, चेहरा का असा पांढराफटक?"

बाईंनी प्रश्न पुढे केला. मॅडमनी पेन उचलून झटकन लिहिलं: ई रेज टू दोन एक्स भागिले एक्स. "सोपं तर आहे. मीच तर पास केलाय हा पेपर."

"एकदा उलटं करून बघा, मॅडम."

मॅडमनी करून बघितलं. पेन थांबलं.

"हा एक पेपर दुरुस्त करा," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "वर जायला नको. प्रश्नपत्रिकेवर तुमची सही, माझी सही. समजतंय ना?"

बाईंना चांगलंच समजत होतं. ओरडणाऱ्या मॅडमची त्यांना सवय होती. हा हळू आवाज नवा होता.

"वर्गात सांगावं लागेल," त्या म्हणाल्या. आवाज आपलाच आहे यावर त्यांचा विश्वास बसेना. "प्रश्न रद्द करू. सगळ्यांचाच."

"आणि शुक्रवारचं पत्र?"

"ते तुमच्या हातात आहे."

पुढचा तास त्याच वर्गावर होता. बाईंनी गणित फळ्यावर लिहिलं, खाली आपलं उत्तर लिहिलं आणि त्यावर काट मारली.

"हे मी चुकीचं काढलं होतं."

मागच्या बाकावरून आवाज आला, "म्हणजे आमचे तीन मार्क गेले?"

"गेले."

"बाई, असं कसं! आम्ही तर तुम्ही शिकवलं तेच लिहिलं."

वर्ग हसला. बाई हसल्या नाहीत. फळ्याच्या कडेला हात टेकून त्यांनी विचारलं, "आधी मला सांगा, साध्या ई रेज टू एक्सला आपलं उत्तर बरोबर का येतं?"

कुणालाच सांगता येईना. येणार कुठून?

दाराच्या काचेतून मॅडम बघत होत्या. बाईंनी त्यांच्याकडे पाठ केली, नवा खडू घेतला आणि पहिल्यांदाच सावकाश लिहायला सुरुवात केली.