वर्षालीची त्रिज्या

मोशीत आमच्या मजल्यावर समोरच राहते वर्षाली. मूळची लातूरकडची. चाकणच्या एका कंपनीत क्वालिटी इन्स्पेक्टर आहे, आणि डिप्लोमावर न थांबता नोकरी करणाऱ्यांसाठीच्या संध्याकाळच्या कॉलेजात इंजिनियरिंगची पदवी करते. मुलीला सासूबाई, सुमनताई, सांभाळतात. नवरा सुजित शिफ्टमध्ये असतो.

गणिताच्या पेपरात ती दोन मार्कांनी गेली, तेव्हा सुमनताईंनी आवाज न चढवता सांगून टाकलं की पुन्हा नापास झाली तर कॉलेज बंद, लेकराला आई पाहिजे. सुजित मान खाली घालून जेवत राहिला. वर्षालीला ते न बोलणंच जास्त लागलं.

तिने उत्तरपत्रिकेची झेरॉक्स मागवली आणि ती घेऊन माझ्याकडे आली. माझं बी.एस्सी. गणितातलं, एवढंच निमित्त. y = √x हा वक्र, x = 1 ते 4, x-अक्षाभोवती फिरवायचा, मापं सेंटीमीटरमध्ये, घनफळ काढा. उत्तर तिने बरोबर काढलं होतं, 15π/2. सहापैकी मार्क मिळाले होते दोन.

"उत्तर बरोबर आहे ना, ताई? मग कापले कशाचे?" ती रडवेली झाली होती, आणि चिडलेलीही.

मी पान पाहिलं. आकृती नव्हती. इंटिग्रेशनचं चिन्ह होतं, पण त्याच्या खाली-वर काही लिहिलेलं नव्हतं. मग एकदम उत्तर, तेही एककाशिवाय. लिमिट कुठे आहेत विचारलं तर म्हणाली, प्रश्नातच दिलेत की. आणि एकक? तेही प्रश्नात आहे.

तेव्हा लक्षात आलं. कंपनीच्या ड्रॉइंगवर कोपऱ्यात एकदाच टीप असते, सर्व मापे मिलिमीटरमध्ये. इन्स्पेक्टरने नुसता आकडा लिहायचा. कुणी विचारलंच तर म्हणायचं, ड्रॉइंग बघ. इतक्या वर्षांची ती सवय हातात मुरलेली.

"तपासणारा तुझं ड्रॉइंग उघडून बसत नाही गं. त्याला तुझ्या पानावर दिसेल तेवढ्याचेच मार्क," मी म्हटलं.

मग रोज कुकरच्या शिट्ट्या मोजत आम्ही बसू लागलो. आधी आकृती, तीत एक पातळ चकती, चकतीची त्रिज्या आणि जाडी नाव घालून. मग एक वाक्य: चकतीचं क्षेत्रफळ πy², जाडी dx. मग x कुठून कुठे जातो ते शब्दांत, आणि तेच आकडे इंटिग्रेशनच्या चिन्हावर. पुढच्या ओळीत कंसालाही तीच लिमिट, मग किमती घालणं, शेवटी चौकटीत उत्तर, घन सेंटीमीटरसह. तिला हे सगळं पाल्हाळ वाटायचं. एवढ्या वेळात माझे चार पीस चेक होतात, म्हणायची. तरी लिहायची.

पेपर देऊन आली ती चप्पल न काढता दारातच टेकली. चेहरा उतरलेला. या वेळी वक्र होता y = x², y-अक्षाभोवती फिरवायचा, y = 0 ते 4. तिने आकृतीत वाटीसारखा आकार काढला आणि हात आपोआप या काठापासून त्या काठापर्यंत गेला. कंपनीत माप घ्यायचा व्हर्नियर तसाच लागतो, आरपार. म्हणून 2x धरलं, उत्तर आलं 32π.

"मग?"

"मग आकृतीतल्या चकतीवर नाव घालायला गेले, 'त्रिज्या'. लिहिलं आणि थांबले. मी तर व्यास घातलेला, ताई."

तिने सगळं खोडलं. त्रिज्या x, म्हणून क्षेत्रफळ πx², म्हणजेच πy. जाडी dy, y शून्य ते चार. उत्तर 8π घन सेंटीमीटर. पण या फेरमांडणीत वेळ गेला आणि शेवटचा प्रश्न कोराच राहिला. तो सोपा होता, हे तिला बाहेर आल्यावर कळलं.

निकाल लागेपर्यंत घरात कुणी विषय काढला नाही. ती कामाला जायची, यायची. एकदा जिन्यात भेटली तेव्हा म्हणाली, झोपेतही चकत्याच दिसतात.

पास झाली. काठावर. पुन्हा झेरॉक्स मागवली, नुसती बघायला. त्या प्रश्नाला सहापैकी सहा होते, आणि खोडलेल्या भागावर तपासणाऱ्याची एकच तिरकी रेघ. ते सहा नसते तर ती सरळ गेली असती.

पेढे वगैरे काही आणले नाहीत. सुमनताईंनी नातीला कडेवरून उतरवलं नाही, फक्त विचारलं, "अजून किती वर्षं हाय हे?"

"दोन," वर्षाली म्हणाली.

सुमनताईंनी नातीला दुसऱ्या कडेवर घेतलं आणि आत जाऊन तिचं दूध तापत ठेवलं. वर्षाली उंबऱ्यातच उभी होती, हा होकार समजायचा का ते न कळून.