पुढची कृती

आमच्या कंपनीत विहिरीच्या आणि बोअरच्या मोटारी, त्यांचे सुटे भाग, असलं सगळं डीलरांना पुरवतात. मी चिकलठाण्याच्या ऑफिसात खुर्चीवर बसून असते आणि काका मोटारसायकलवर गावोगाव फिरत असतात. काका म्हणजे आमचे सगळ्यांत जुने विक्री प्रतिनिधी. रिटायर व्हायला थोडीच वर्षं उरलेली, पण पैठणच्या लाइनवरचा प्रत्येक दुकानदार त्यांना ओळखतो. मोबाइलच्या ॲपमध्ये प्रत्येक भेटीची नोंद त्याच दिवशी भरलीच पाहिजे, असा नियम झाला, तेव्हा त्यांनी हात टेकले. "ताई, माझी बोटं जाड, अक्षरं बारीक. मी बोलतो, तू लिही." तेव्हापासून ते भेट झाली की मला आवाजाचा निरोप पाठवतात आणि मी त्याची नोंद करते. मॅनेजरांचीही त्याला परवानगी आहे.

काकांचा निरोप म्हणजे सुरुवात पैठणला आणि शेवट कुठंही. "हां ताई, लिहून घे. आलोय बग शेटकडं. ऊन लई हाय. शेटनं आदी च्या पाजला, मग म्हणला, काका, सुनंला बरं नाय, दवाखान्यात गेल्तो. म्या म्हणलं, काळजी नको करू. हां, तर त्या दोन एचपीच्या मोटारी, मागल्या खेपंच्या, त्यातल्या एकीचं सील गळतंय म्हणतो. बदलून द्या म्हणतो. नवीन माल पायजे का म्हणलं, तर म्हणला सोमवारी सांगतो. आरं ए, गाडी काढ की बाजूला! तुला नाय ताई, टेंपोवाल्याला."

यातून नोंद होते ती अशी. ग्राहक, कोण भेटलं, तक्रार: दोन एचपी, एका मोटारीचं सील गळतं, बदलून हवं. मागणी: नक्की नाही. पुढची कृती: सोमवारी फोन. सूनबाई, ऊन, टेंपो सगळं बाहेर. 'सोमवारी सांगतो' याचं 'सोमवारी ऑर्डर' करायचं नाही, एवढं पथ्य मी कसोशीनं पाळते. न बोललेलं भरायचं नाही आणि शंका आली तर विचारायचं. संध्याकाळी काका फोन करतात आणि म्हणतात, "वाच बरं, आज मी काय काय केलं." मी वाचते. ते खूश होतात. "लई शहाणा दिसतोय की मी!"

एकदा सकाळी काकांचा त्याच शेटकडचा निरोप आला, आणि दुपारी चहाच्या सुमारास पुन्हा त्याच शेटकडचा. तोच चहा, तीच सून, तेच सील. मला वाटलं, नेटवर्कनं एकच निरोप दोनदा टाकला. पण दुसऱ्यात मागं मुलं ओरडत होती, पहिल्यात नव्हती. आणि दुसऱ्यात गळणाऱ्या मोटारी दोन झाल्या होत्या. शंका आली, म्हणून शेटला फोन लावला.

शेट जरा घुटमळला. "ताई, गळतीय एकच. काका सकाळी येऊन गेले, मग दुपारी परत आले. मी म्हणलं काय इसरलं असंल. पण त्यांनी पयल्यापासून इचारलं, सुनंचं पण. मी परत सांगितलं सगळं. थोर माणूस, तोंडावर कसं म्हणायचं?" मग हळू आवाजात म्हणाला, "पयलीच खेप नाय ही."

एका ग्राहकाच्या एकाच दिवशी दोन नोंदी झाल्या की ॲप लाल खूण करतं आणि दोन्ही एक करायला सांगतं. मी दोन्हींची एक केली. मोटार एक. नोंद अगदी बरोबर होती, त्यात खोटं काहीच नव्हतं. पण तिच्यात काका दोनदा गेले होते, हे कुठंच उरलं नाही. मग मागचे निरोप ऐकत बसले, तर अशी ठिगळं ठिकठिकाणी सापडली. दुकानदार सावरून घेत होते आणि राहिलेलं माझ्या हातून नीटनेटकं होत होतं.

महिन्याच्या बैठकीत पुण्याच्या मोठ्या साहेबांनी पडद्यावर काकांच्या नोंदी दाखवल्या. "भेटीची नोंद अशी हवी. मुद्देसूद." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आणि बक्षीस म्हणून सिल्लोड, अजिंठ्याची लाइन काकांना जोडून दिली, फर्दापूरपर्यंत. या अवस्थेत घाटातून मोटारसायकल!

मी आमच्या मॅनेजरना गाठून सगळं सांगितलं. त्यांनी काकांच्या नोंदी उघडल्या, खाली-वर केल्या. "मॅडम, यात तर काहीच चुकलेलं दिसत नाही." निरोप ऐका म्हटलं, तर म्हणाले, एवढं लांबण ऐकायला वेळ कुणाला आहे, म्हणून तर तुम्हाला बसवलंय. राग असा आला की टेबल उलटं करावं. पण म्हणणार काय? पुरावा माझ्याच हातानं स्वच्छ झाला होता.

शेवटी काकांनाच ऑफिसच्या जिन्यात थांबवलं. मी शब्द जुळवत होते, तेवढ्यात तेच म्हणाले, "मला ठावं हाय, ताई."

"मग घरी सांगा ना, काका. डॉक्टरांना दाखवा."

"घरी सांगितलं की गाडीची चावी काढून घेत्याल. मग मी सकाळी उठून जायचं कुठं?" ते हसले, पण डोळे हसत नव्हते. "तू संध्याकाळी वाचून दावतीस ना, तवा कळतं मला, दिवसभर कुठं हुतो. तेवढं करत जा."

मला रडू कोसळलं. त्यांनीच माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि किक मारून गेले. त्यांच्या मुलाचा नंबर मी रात्री कितीदा काढला आणि ठेवून दिला. विश्वासानं सांगितलेलं कसं फोडायचं? आणि न फोडून कसं भागायचं?

मग एका सकाळी तो निरोप आला. मी हातातली कामं क्रमानं उरकत होते, त्यामुळं तो ऐकायला उशीर झाला. "हां ताई, लिहून घे. आलोय." बराच वेळ नुसती गाड्यांची घरघर. "आलोय बग. समोर लेण्यांच्या बसा उभ्या हायत. माळा इकणारी पोरं हायत. कुणाकडं आलोय, ते..." पुन्हा घरघर. "च्या घेतला का नाय, ते पण आठवंना. ताई, हितनं घरी कसं जायचं गं? कुणाला तरी पाठव."

आवाजाच्या निरोपाला मधेच उत्तर देता येत नाही, तो बोलून झालेला असतो. फोन लावला तर लागेना. लेण्यांच्या बसा म्हणजे अजिंठ्याचा फाटा, म्हणून फर्दापूरच्या डीलरला लावला, तो हातातलं टाकून तिठ्यावर धावला. काका गाडीला टेकून उभे होते. त्यांना त्यानं दुकानात बसवलं. मग मी मुलाचा नंबर लावला आणि या वेळी ठेवला नाही. मुलगा जाऊन त्यांना घेऊन आला. चावी त्याच दिवशी गेली.

ऑफिसातले सगळे घरी गेल्यावर मी ती नोंद उघडली. नियमाप्रमाणं, बोललेलं तेवढंच. ग्राहक: सांगितलेला नाही. मागणी: नाही. पुढची कृती: कुणाला तरी पाठवणे, घरी न्यायला.

जतन करायला गेले, तर ॲपनं लाल खूण केली. ग्राहकाचं नाव भरल्याशिवाय नोंद होत नाही. तेवढ्यात नेहमीच्या वेळेला फोन वाजला, काकांचा.

"वाच बरं, ताई," ते म्हणाले. "आज मी काय काय केलं?"