चार लाख आठ हजार

उदगीरला आठ दिवसांनी पाण्याचा टँकर आला त्याच दिवशी रुद्राणीला पाहायला पाहुणे आले. मुलाच्या बायोडाट्यात वर्षाचा पगार ४.०८ लाख लिहिला होता.

"चार लाख ऐंशी हजार!" तिचे वडील मलप्पा खुशीत म्हणाले. "म्हंजी महिन्याला चाळीस हजार."

रुद्राणीने पॉइंटनंतरचं शून्य सोडलं नव्हतं. चार लाख आठ हजार भागिले बारा, चौतीस हजार. आता मुलगा खरं बोलतो का, एवढंच तिला पाहायचं होतं.

"चाळीसच की!" मुलाच्या मामाने री ओढली.

मुलाने, विरूपाक्षने, पाणी वाचवून केलेला अर्धा कप चहा खाली ठेवला. "चौतीस, काका. त्यातबी कापून एकतीस हातात येतात."

मामाने त्याला कोपर मारलं.

रुद्राणी उठून आत गेली. "आई, चहा अजून टाक," ती म्हणाली. "लागू दे पाणी."