अक्काची पेन्शन

आईनं आयुष्यात एकच पत्र धाडलं, आणि तेही मीच लिहिलं.

दुसरी मोठी लढाई संपून वर्षही झालं नव्हतं. सांगलीच्या कॉलेजातून मी सुट्टीला माणमधल्या आमच्या गावी आलो होतो. थोरली बहीण, माझी अक्का, कराडजवळ सासरी होती. तिचा नवरा पलटणीत होता, तो ब्रह्मदेशात मारला गेला. मूलबाळ नव्हतं. सरकारनं तिला पेन्शन सुरू केली, आणि तिच्यातूनच माझी फी भरली जाई.

त्या सुट्टीत अक्काचा निरोप आला. माधवनगरच्या गिरणीतल्या एका बिजवरानं तिला मागणी घातली होती. माणूस निर्व्यसनी होता आणि अक्काच्या मनातही होतं. आमच्यात विधवेचा पाट लावतात, त्याला कुणी लग्न म्हणत नाही. लग्न आयुष्यात एकदाच. म्हणून मध्यस्थाचं म्हणणं असं, की दुसरं लग्न केलं तर पेन्शन बंद होते, पाटानं कशी होईल? आईनं काय ते कळवावं, एवढंच अक्कानं विचारलं होतं.

आई तेव्हा लोकांची मेंढरं राखायची. दोन दिवस ती नेहमीसारखी मेंढरांमागं गेली. तिसऱ्या दिवशी सकाळी मेंढरं सोडण्याआधी तिनं मला कागद घेऊन बसवलं. ती बोलली तसंच मी लिहिलं.

"लेकी, मला बी असंच वाटलं हुतं. तुजा बाप माजा दुसरा. पैला आदीच्या लढाईत बसऱ्याकडं मेला, त्याची मला पेन्शन हुती. मग तुज्या बापासंगं पाट लावला. पाट म्हंजी काय लगीन न्हवं, असं समजून ऱ्हायले. पर कचेरीत दाखला लागायचा, बाई जिती हाय आन दुसरा नवरा केला न्हाई म्हणून. पाटील म्हणाला, मी खोटं लिवणार न्हाई. कचेरीनं पाट आन लगीन एकच धरलं आन माजं नाव काढलं. तवा त्याचं काय वाटलं न्हाई. घरात कमावता माणूस हुता. मग तुजा बाप तापानं गेला. परत अर्ज केला, पर नाव काय चढलं न्हाई.

"आता गुडघं वळत न्हाईत. मेंढरांमागं जाणं हुत न्हाई त्या दिशी चुलतदिराच्या दारात भाकरीला उभी ऱ्हाते. त्याची सून वाईट न्हाई, पर भाकर द्यायच्या आदी टोपल्यात बघती. पेन्शनचं तसं न्हाई. पाऊस पडू न पडू, हातपाय चालू न चालू, तू जिती हाईस तवर ती येणार. नवऱ्याचं तसं सांगता येतं का? चोरून पाट लावशील तर कळल्याबिगर ऱ्हाणार न्हाई, आन घेतलेलं पैसं सरकार मागंल. भावाच्या भरवशावर बी ऱ्हाऊ नगंस. पोरगा चांगला हाय, पर बायकू कशी येईल कुणी सांगावं."

मी थांबलो.

"लिव," आई म्हणाली. "तुला लागू दे की."

पत्र टपालानं गेलं असतं तर अक्काच्या सासऱ्यानंच ते कुणाकडून तरी चारचौघांत वाचून घेतलं असतं. म्हणून सांगलीला परतताना मी कराडला उतरलो. अक्का कृष्णेवर धुणं धूत होती. शेजारच्या दगडावर बसून मी पत्र वाचलं. ती ऐकत ऐकत लुगडं पिळत राहिली.

माझ्या फीचा विचार करू नकोस, मी कॉलेज सोडतो, असं मी म्हणालो.

"आन काय, मेंढरं राखणार व्हय? तुला तर घरचं कुत्रं बी भीत न्हाई." मग ती म्हणाली, "ते म्हातारपणाचं परत वाच."

मी पुन्हा वाचलं.

"आईचं खरं हाय. म्हातारपणाची सोय झाली. मी आता पंचविशीची. मधल्या वर्सांचं काय लिवलंय?"

मी कागद उलटून पाहिला. मागची बाजू कोरी होती.

"ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "ती तरी काय लिवणार." आणि पिळलेलं लुगडं तिनं पुन्हा पाण्यात बुडवलं.

आठवड्यात तिनं नकार कळवला. गिरणीवाल्यानं दुसरीकडं पाट लावला.

आमच्या घराण्यातला मी पहिला पदवीधर. माझ्या पदवीवर नाव माझं असलं तरी ती अक्काच्या पेन्शनची आहे, हे मी कधी विसरलो नाही. पुढं सासरशी वाटणी होऊन अक्काला वेगळी खोली मिळाली, तेव्हा तिनं आईला आपल्याकडं आणलं. शेवटची वर्षं आईनं तिथं भाकरी खाल्ली आणि कुणी टोपल्यात पाहिलं नाही. ती गेलीही तिथंच.

अक्का आता थकली आहे. पेन्शन अजून येते. दाखला घेऊन मी तिला कचेरीत नेतो. तिचे पांढरे केस पाहून कारकून दुसऱ्या नवऱ्याचं विचारतसुद्धा नाही, नुसता अंगठ्यासाठी शाईचा डबा पुढं सरकवतो. अक्का अंगठा उठवते आणि न विचारताच सांगते, "न्हाई केला."