आधी कळप, मग लंगडं

दसरा झाला की माझ्या दुकानात गर्दी होते. शिरूरला कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान चालवते मी, आणि दसऱ्याची पूजा हा माझा सुगीचा हंगाम आहे. कीबोर्डात हळद, प्रिंटरात पाणी, पंख्यात झेंडूच्या पाकळ्या. मी स्वतः पेचकसांना हार घालते, त्यामुळे पूजेला नावं ठेवणार नाही. पण माणसाने बंद यंत्राची पूजा करावी, एवढं तरी!

त्या वर्षी कारेगावहून एक बाई सासऱ्यांना घेऊन आली. कॉम्प्युटरचा डबा टॉवेलात गुंडाळून मांडीवर धरूनच जीपमधून आणला होता. डब्याच्या कपाळावर कुंकू तसंच होतं. मशीनवर ब्लाउजांची भरतकामं करून देणं हा तिचा धंदा. कॉम्प्युटरवर नक्षी काढायची, ती मशीनला द्यायची, मशीन सुया चालवत कापडावर उतरवणार.

"काय झालं?" मी विचारलं.

"नारळ फोडला," ती म्हणाली.

"कशावर?"

तिने डब्याच्या कोपऱ्याकडे पाहिलं. तिथे चांगला पोचा पडला होता.

"चालू होता?"

"चालू मशीनचीच पूजा करतो ना ताई आम्ही. शुभ असतं."

माझ्या तोंडाला कुलूप नाही. फोडायला अख्ख्या कारेगावात दगड मिळाला नाही का, इथपासून सुरुवात केली. हार्ड डिस्कमध्ये तबकडी गरगर फिरत असते, वाचणारं टोक तिच्यावर केसभरही नाही इतक्या अंतरावर तरंगत असतं, त्यात दणका बसला की टोक तबकडीवर आपटतं आणि ती जागा जखमी होते, हेही सांगितलं. ती मान खाली घालून ऐकत राहिली. मग डोळ्यांतून पाणी काढलं आणि माझा सगळा आवेश जागच्या जागी जिरला.

तिच्या नणंदेचं लग्न दौंडला ठरलं होतं, तुळशीच्या लग्नानंतरचा मुहूर्त. नवरीच्या ब्लाउजच्या पाठीवर तिने मेंढरांचा कळप काढला होता. साधासुधा नाही, आबांचा. सासरे पूर्वी मेंढरं घेऊन हिंडायचे. पुढे पाण्याची सोय झाली, शेती बरी चालली आणि कळप विकला. फोटो एकही नव्हता. रोज संध्याकाळी आबा आठवून सांगायचे, कुणाच्या कपाळावर पांढरं, कुणाचं शिंग आत वळलेलं, आणि ही बसून काढायची. लेकीला सासरी जाताना बापाचा कळप पाठीवर न्यायचा होता. आता ते फोल्डर उघडलं की कॉम्प्युटर गोठून बसत होता.

"दुसरी प्रत?"

"पेन ड्राइव्हवर घ्यायचे, काम झालं की पुसायचे. ताई, तेवढं एकच फोल्डर काढून द्या. बाकी गेलं तरी चालंल."

"तेच शेवटी काढायचं," मी म्हणाले.

तिला वाटलं मी अजून रागात आहे. रागात नव्हते. आजारी डिस्क किती वेळ चालेल याचा भरवसा नसतो. दुखऱ्या जागीच खेटत बसलं तर टोक तिथेच मरतं, आणि जे धडधाकट होतं तेही हातचं जातं. म्हणून डिस्कवर काही लिहायचं नाही, दुरुस्तही करायचं नाही. शेजारी नवी मोठी डिस्क लावायची आणि पहिल्या फेरीत सहज निघेल तेवढं तिच्यावर उतरवून घ्यायचं. कुठे अडलं की भांडायचं नाही, उडी मारून पुढे. कुठे अडलं त्याचा नकाशा प्रोग्राम लिहून ठेवतो. नंतर त्याच जागांकडे परत.

सुनेला हे पटेना. आबा मात्र बाकावर सरसावून बसले.

"बरोबर सांगत्यात त्या," ते म्हणाले. "लंगडं मागं राहिलं म्हणून सगळा कळप रानात सोडून न्हाई जायचं. आधी धडधाकट मेंढरं वाड्यात कोंडायची. मग उलट पावली जायचं, आन् त्याला खांद्यावर घिऊन यायचं. कळपात एक लंगडं असतंच, पोरी."

मी पन्नास गिऱ्हाइकांना हे समजावलं असेल, इतकं सोपं मला कधी जमलं नव्हतं. मला आबा फार आवडले.

पहिली फेरी झपाझप झाली. मधे लाइट गेली, पण नकाशा होता. पुन्हा सुरू केल्यावर जिथं थांबलं तिथून पुढे. जवळजवळ सगळी डिस्क नव्या जागी आली. वर्षानुवर्षांची मोरपिसं, कोयऱ्या, सगळ्या गिऱ्हाइकांची मापं. सून ते बघून हसली नाही. उरली होती ती न वाचता आलेल्या जागांची काही छोटी भगदाडं, आणि कळपाची फाईल नेमकी एका भगदाडात पसरली होती.

दुसऱ्या दिवशी परत लंगड्याकडे गेले. प्रत्येक भगदाड आधी पुढच्या कडेने खरवडत आत, मग मागच्या कडेने. कडा बऱ्याचदा शाबूत असतात; पहिल्या फेरीतल्या उडीने चांगलाही भाग ओलांडलेला असतो. भगदाडं आक्रसत गेली. मग माहितीचा एकेक कण, पुन्हा पुन्हा. मधे डिस्कला थंड होऊ दिलं. प्रत्येक वेळी वाटायचं आता टकटक आवाज येईल आणि संपलं. आवाज आला नाही. शेवटी कळपाच्या फाईलमध्ये एकच कण उरला, तो काही केल्या निघेना. मी फार हट्टी आहे, तरी तिथे हात टेकले.

मूळ डिस्क बाजूला ठेवली, नव्या प्रतीतून फाईल उघडली. दोघं आली होती. पडद्यावर कळप आला आणि सुनेने तोंडावर पदर धरला. बाकीची सगळी होती, पण एका मेंढीचा मागचा पाय नव्हता, आणि तिच्यापुढची सगळी रांग थोडी खाली घसरली होती. मशीनच्या फाईलमध्ये प्रत्येक टाका मागच्या टाक्यापासून किती अंतरावर ते लिहिलेलं असतं. मधले टाके गेले की पुढचे सगळे सरकतात.

"हे तर मी उचलून जागेवर ठेवते," सून म्हणाली, आणि पहिल्यांदा तिचा आवाज धंदेवाईक बाईसारखा ताठ आला. "आन् पाय नवा काढते. दहा मिनटाचं काम हाय."

आबा पडद्याजवळ गेले. बोट न लावता एकेका मेंढीवरून फिरवलं. पाय गेलेल्या मेंढीशी थांबले ते थांबलेच.

"रांग सरळ कर," ते म्हणाले. "पाय राहू दे."

"आबा, अशी कशी? लोकं हसतील."

"हसू देत. व्हती एक अशी. शेवटपर्यंत मागं राह्यची. तुला सांगायची राहिलीच व्हती बघ."

सुनेने माझ्याकडे पाहिलं. मला डोळे पुसायला दुकानात नुसती स्क्रीन पुसायची फडकी होती, तीच घेतली.

दौंडच्या लग्नाला मला आवर्जून आमंत्रण होतं. नवरी पाया पडायला वाकली तेव्हा पदर सरकला आणि पाठीवरचा कळप दिसला, रांगेत, सरळ. सगळ्यात मागे तीन पायांची. शेजारच्या बाई म्हणाल्या, भरणारी पाय विसरली वाटतं. मी म्हटलं, नाही हो, ती आमची सगळ्यात शेवटी घरी आलेली.